भागीदारी न करता एकाच सौद्यात निम्मे-निम्मे: वहीत लिहायचं कसं?

नाना_निफाडकर

नमस्कार मंडळी. लासलगावच्या बाजारात माझा कांदा खरेदीचा परवाना आहे. नागपूरच्या कळमना मार्केटमधले एक व्यापारी नात्यातले आहेत, त्यांना भाऊसाहेब म्हणू. आम्ही दोघांनी मिळून उन्हाळ कांद्याचा फक्त एक सौदा केला. मे महिन्यात मी 500 क्विंटल माल 1,400 च्या सरासरीने घेतला, म्हणजे 7 लाख. गोण्या, हमाली, तोलाई, कांदाचाळीपर्यंतचं भाडं असे 30 हजार माझे गेले. भाऊसाहेबांनी त्याच आठवड्यात 3 लाख आरटीजीएसने पाठवले. माल माझ्या चाळीत ठेवला.

ऑगस्टअखेरीस चाळ फोडली. निवडीला 20 हजार मजुरी लागली. 350 क्विंटल चांगला माल निघाला आणि 30 क्विंटल गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. गोल्टी मी इथेच 800 ने काढली, 24 हजार आले. चांगला माल नागपूरला गेला. गाडीभाडं 70 हजार आणि तिथली हमाली 10 हजार भाऊसाहेबांनी दिली. त्यांनी तो 3,000 ने विकला, 10 लाख 50 हजार झाले.

बोली एवढीच होती की नफा निम्मा-निम्मा. कागद नाही, फर्म नाही.

आता प्रश्न दोन. माझ्या हिशेबाने भाऊसाहेबांनी मला 5,48,000 द्यायचे निघतात, ते म्हणतात 5,38,000. दहा हजार कुठे अडकलेत ते दोघांनाही सापडत नाही. दुसरं, ही रक्कम आली की वहीत तिला काय म्हणायचं? विक्री म्हणावी तर विक्री मी केलेली नाही. उसनवार परत म्हणावी तर त्यात नफा आहे. आमचा पोरगा टॅलीत बसून डोकं खाजवतोय.

कोकणी_ठसका

120 क्विंटल कांदा हवेत गेला आणि तुम्ही दहा हजार शोधताय? मोठं मन आहे नाना 🙂

शुभांगी_डोंबिवली

दोघांच्या नावाने जॉइंट अकाउंट काढायचं ना बँकेत. आयदर ऑर सर्व्हायव्हर. माझं आणि मिस्टरांचं आहे, काही कटकट नाही. सगळे पैसे त्यातून जातात, त्यातच येतात, शेवटी उरेल ते अर्धं करा.

सांगलीकर_मुनीम

शुभांगीताई, नाना विचारतात ते वहीतलं खातं, बँकेतलं नव्हे. पण तुम्ही म्हणता तसंही करतात. मोठा सौदा असेल, वर्षभर चालणार असेल, तर दोघं आपापला पैसा एका वेगळ्या बँक खात्यात टाकतात आणि त्या सौद्याची स्वतंत्र वही घालतात. एका गाडी कांद्याला ते परवडत नाही. आणि बचत खात्यातून धंदा चालवू देत नाहीत, चालू खातं दोघांच्या नावाने मागायला गेलात की बँक पहिला प्रश्न विचारते, भागीदारीपत्र कुठे आहे? तेच तर करायचं नाहीये.

आता नाना, तुमचं. मी हळदीच्या पेढीवर आयुष्य काढलं. अशा सौद्याला आमच्याकडे एकच रीत: ज्याने त्याने आपल्या वहीत फक्त आपण केलेले व्यवहार लिहायचे. समोरच्याने काय केलं ते आपल्या वहीत चढवायचं नाही. तुमच्या वहीत एकच खातं उघडा, "भाऊसाहेब यांच्यासह कांदा सौदा खाते". त्यात असं पडेल:

नावे: खरेदी 7,00,000
नावे: गोणी, हमाली, तोलाई, भाडं 30,000
नावे: निवड मजुरी 20,000
जमा: भाऊसाहेबांकडून आले 3,00,000
जमा: गोल्टी विक्री 24,000

म्हणजे तुमची 4,26,000 नावे बाकी. एवढा तुमचा पैसा या सौद्यात अडकलाय. त्यात नफा अजून नाही.

नफा काढायला दोघांनी मिळून एक वेगळा कागद करायचा. तो वहीचा भाग नाही, नुसता ताळा आहे. त्यात दोघांचे खर्च एका बाजूला, दोघांच्या विक्र्या दुसऱ्या बाजूला. खर्च 7,50,000 तुमचे आणि 80,000 त्यांचे, एकूण 8,30,000. विक्री 10,50,000 आणि 24,000, एकूण 10,74,000. नफा 2,44,000, प्रत्येकी 1,22,000. दोघांनी आपापल्या पैशातून दिलेले-घेतलेले ते 3 लाख या कागदावर येत नाहीत, ते फक्त एकमेकांच्या खात्यात राहतात. पुष्कळ जण तिथेच घसरतात, तीन लाखांना "उत्पन्न" समजतात.

आता तुमच्या खात्यात 1,22,000 नावे टाका आणि तेवढेच नफा-तोटा खात्याला जमा. बाकी झाली 5,48,000. बँकेत ते आले की खातं शून्य. म्हणजे आलेल्या रकमेला तुम्ही विक्रीही म्हणत नाही आणि कर्जही म्हणत नाही, ती या खात्याची बाकी आहे. नफा म्हणून वहीत फक्त 1,22,000 दिसतात.

भाऊसाहेबांच्या वहीत उलटं. विक्री 10,50,000 जमा. तुम्हाला पाठवलेले 3,00,000 आणि खर्चाचे 80,000 नावे. त्यांच्याकडे 6,70,000 उरले. त्यातून स्वतःचा नफा 1,22,000 ठेवला की देणं 5,48,000. दोन्ही वह्या स्वतंत्र लिहिल्या आणि आकडा एकच आला, म्हणजे हिशेब बरोबर.

सांगलीकर_मुनीम

आणि ते दहा हजार. नफा निम्मा असेल तेव्हा जुळत नसलेला फरक दुप्पट करा आणि तो आकडा कागदात शोधा. एखादा खर्च एकाच्या ताळ्यात आहे आणि दुसऱ्याच्या ताळ्यात नाही, तर फरक त्या खर्चाच्या निम्मा पडतो. दहा हजाराची दुप्पट वीस हजार. तुमच्या यादीत 20,000 एकच आहे, निवड मजुरी. ती सोडली तर नफा 2,64,000, निम्मा 1,32,000, आणि 6,70,000 मधून तो वजा केला की 5,38,000. भाऊसाहेब म्हणतात तोच आकडा. तुमची निवडीची चिठ्ठी त्यांच्यापर्यंत गेलेली नाही, असं मी समजतो.

पुणेरी_टोमणा

मुनीमजी, आमच्या सोसायटीचा हिशेब बघायला याल का? तिथे फरक दुप्पट केला तर इमारत सापडेल.

नाना_निफाडकर

मुनीमकाका, नमस्कार करतो. आत्ताच फोन लावला. निवडीचे 20,000 त्यांच्या कागदात नाहीतच. पण चिठ्ठी गेली नाही म्हणून नव्हे! ते म्हणाले, "चाळ तुमची, निवड तुमची. माझं गिऱ्हाईक शोधायचं काम मी फुकट केलं ना?" म्हणजे आता हिशेबाची चूक राहिली नाही, वाद झाला.

गोल्टी_क्वीन

हे होणारच होतं. नाना, तुम्ही चाळीचं भाडं लावलंय का? 500 क्विंटलला चार महिने चाळ अडली, दुसऱ्याची असती तर भाडं द्यावंच लागलं असतं.

नाना_निफाडकर

नाही लावलं. गावात 500 क्विंटलला हंगामाचे 40 हजार तरी पडतात. ते मागितले तर भाऊसाहेब आडत मागतील याची खात्री आहे. त्यांच्याकडे बाहेरचा माल 4 टक्क्यांवर विकतात असं त्यांनीच एकदा बोलून दाखवलंय.

वहीखाते_वर्षा

मागू द्या दोघांना! आकडे टाकून बघते.

नानांचं चाळभाडं 40,000 खर्चात. भाऊसाहेबांची आडत 10,50,000 वर 4 टक्के, 42,000, तीही खर्चात. निवडीचे 20,000 धरलेलेच आहेत. नफा 2,44,000 वरून 1,62,000 वर येतो, प्रत्येकी 81,000.

नानांना यायचे: अडकलेले 4,26,000 + भाडं 40,000 + नफा 81,000 = 5,47,000.
भाऊसाहेबांकडून: 6,70,000 − आडत 42,000 − नफा 81,000 = 5,47,000.

आधी 5,48,000 होते. एवढा सगळा मान-अपमान होऊन नानांचा हजार रुपयांचा तोटा 😄

कोकणी_ठसका

त्या हजारात दोन घरं आठवडाभर बोलणार नाहीत. आमच्याकडे आंब्याच्या पेटीवरून होतं तसंच.

हर्षल_सीए

वर्षाताईंचं गणित बरोबर आहे, पण आयकराच्या बाजूने ते हजारापुरतं राहत नाही. भाऊसाहेब छोटे व्यापारी असतील आणि 44 एडीखाली उलाढालीच्या टक्क्याने नफा दाखवत असतील, तर जपून. आडत किंवा दलालीच्या स्वरूपाचं उत्पन्न असेल त्याला ते कलम वापरता येत नाही. 42 हजार "आडत" असं त्यांनी वहीत लिहिलं की त्यांच्या अख्ख्या धंद्याच्या विवरणपत्रावर प्रश्न येऊ शकतो. हेच कागदावर "नफा 1,22,000" असेल तर तो प्रश्नच नाही. म्हणून माझा सल्ला, आडत-भाडं दोन्ही काढून टाका, आणि हिश्शाचं प्रमाण बदलायचं असेल तर तसं आधी बोला.

(कलमांचे आकडे 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनचा नवा कायदा आकडे बदलतो, सवयीने मी जुनेच लिहितोय.)

वहीखाते_वर्षा

हे माहीत नव्हतं, हर्षल. पण मग प्रमाण बदललं की चाळभाडं मागच्या दाराने आत येतंच ना? 50-50 ऐवजी नानांना 55.

हर्षल_सीए

येतं. पण मागच्या दाराने आलेलं कुणाच्या आडत खात्यात दिसत नाही.

बापू_येवला

मुनीमजींनी वहीचं सांगितलं, छान. पण नाना कांदा समजतात आणि समोरचा नागपूरचा माणूस बहुधा विक्री समजतो, त्यामुळे घटीवरून पुढच्या खेपेला भांडण होईल, ते आत्ताच बघा.

500 चे 380 झाले. 120 क्विंटल गेले त्यात वजन सुकून जाणं, कोंब येणं आणि सडणं हे सगळं आहे. चार महिन्यांच्या उन्हाळ कांद्यात एवढी घट सवयीची. ती कुठेही वेगळी लिहायची नाही. ती उरलेल्या मालाच्या अंगावर पडते. नानांचे 7,50,000 गेले, गोल्टीचे 24,000 आले, म्हणजे 7,26,000 त्या 350 क्विंटलवर. चाळीच्या दारात क्विंटल 2,074 ला पडला. भाडं-हमाली धरून नागपूरला 2,303. लोकांना दिसतं 1,400 ला घेतला आणि 3,000 ला विकला. व्यापाऱ्याच्या हातात क्विंटलमागे सातशेच्या आत राहिले. बाजार 2,300 च्या खाली उतरला असता तर याच सौद्यात दोघं घाट्यात.

पण समजा पत्रा उडून पाऊस आत शिरला आणि 100 क्विंटल अधिक सडले. ती नेहमीची घट नाही. भाऊसाहेब म्हणतील, पत्रा नानांनी बघायचा होता. नाना म्हणतील, माल दोघांचा, पाऊस देवाचा. त्याला वहीत वेगळी ओळ लागते, आणि ती कोणाच्या वाट्याला हे पाऊस पडायच्या आधी ठरवायला लागतं. नंतर ठरवायला बसलात तर दोघांचंही म्हणणं खरं असतं.

विदर्भाचा_वाघ

आमच्या कळमन्यात माल उतरतानाही वजन कमी भरतं बापू. नागपूरला पोचेपर्यंत गाडीत दीड-दोन क्विंटल जातोच. 350 चे 350 विकले हे नानांनी खरं धरलं, त्याबद्दल भाऊसाहेबांचे आभार माना.

नाना_निफाडकर

352 चढवले होते, 350 भरले. दोनाला मी काही म्हटलं नाही.

दुबईकर_अनिकेत

कुणी तोट्याबद्दल बोलत नाहीये. आमच्या घरचं सांगतो. वडिलांनी 2023 मध्ये पिंपळगावहून निर्यातीसाठी असाच निम्म्याच्या बोलीवर माल घेतला होता, समोरचा निर्यातदार. 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क आलं, माल बंदराच्या वाटेवर. बाजार बसला. समोरचा म्हणाला, "बोली नफ्याची होती, तोट्याची कुठे झाली?" कागद नव्हता. वडिलांनी पैसे सोडून दिले. तेव्हा नाना, "नफा निम्मा" ही अर्धीच बोली आहे.

ॲड_देशमुख_काका

अनिकेतच्या वडिलांनी पैसे सोडायला नको होते, असं माझं मत आहे. यात एक गंमत आहे, तुम्हाला पटणार नाही कदाचित.

सगळे म्हणताय "भागीदारी न करता". पण 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 8 मध्येच लिहिलंय की एका विशिष्ट सौद्यापुरतीही भागीदारी होऊ शकते. नोंदणी नाही, पत्र नाही, तरी चालते. दोघांनी मिळून धंदा करायचा, नफा वाटून घ्यायचा आणि एकाने दोघांच्या वतीने काम करायचं असं ठरलं असेल, तर न्यायालय तुमच्या तोंडच्या शब्दाकडे बघत नाही, व्यवहाराकडे बघतं. आणि भागीदारी ठरली तर कलम 13 म्हणतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा सारखा आणि तोटाही सारखा. म्हणजे "तोट्याची बोली नव्हती" हे म्हणणंच समोरच्यावर उलटतं. सौदा संपला की अशी भागीदारी कलम 42 प्रमाणे आपोआप संपते.

पुणेरी_टोमणा

म्हणजे नानांचं लग्न झालंय आणि त्यांना पत्ता नाही.

सुहास_औरंगपुरा

काका, मी तर 500 च्या स्टॅम्पवर पहिलीच ओळ लिहून घेतो, "सदर व्यवहार हा भागीदारी नाही." एकदा लिहिलं की विषय संपला.

ॲड_देशमुख_काका

सुहास, अर्धं बरोबर. ती ओळ लिहा, हेतू काय होता याचा तो पुरावा आहे. कलम 6 असंही म्हणतं की नुसता नफा वाटून घेतला म्हणून माणूस भागीदार होत नाही, एकूण संबंध बघायचा. पण ती ओळ तुम्हा दोघांमधली आहे. बाहेरच्याला ती बांधत नाही. समज तू बाजारात दहा जणांपुढे म्हणालास, "मी आणि हे मिळून घेतोय, पैशाची काळजी करू नका," आणि विकणाऱ्याने त्या भरवशावर माल उधार दिला, तर तो दोघांच्या मागे येऊ शकतो. स्टॅम्प दाखवून तू सुटणार नाहीस.

म्हणून माझा जोर त्या ओळीपेक्षा वागण्यावर. खरेदीची पावती फक्त नानांच्या नावाने, विकणाऱ्याचे पैसे नानांनीच द्यायचे. विक्रीची पट्टी फक्त भाऊसाहेबांच्या नावाने, वसुली त्यांची, बुडीत गेलं तर आधी त्यांच्या दारात. दोघांचं मिळून बिलबुक छापू नका, पाटी लावू नका.

हर्षल_सीए

काकांशी सहमत, एका गोष्टीची भर. आयकर खातं भागीदारी म्हणालं नाही तरी "व्यक्तींचा समूह" म्हणू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये इंदिरा बालकृष्ण प्रकरणात कसोटी दिलीय: उत्पन्न मिळवण्याच्या समान हेतूने लोक एकत्र आले का. कांदा सौदा त्यात बसतो असं कुणी म्हणालं तर उत्तर देणं सोपं नाही. आणि समूह ठरला की तो तिसराच करदाता होतो. दोघांपैकी एकाचं बाकीचं उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल तर समूहाच्या नफ्यावर कमाल दराने कर.

2016 साली मोठ्या बांधकाम कंत्राटांच्या गटांसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एक परिपत्रक काढून थोडी सवलत दिली होती, अटी अशा की प्रत्येकाचं काम वेगळं, खर्च ज्याचा त्याचा. लोक ते कशालाही चिकटवतात. इथे खर्च एकत्र करून नफा वाटलाय, तेव्हा नाना, त्याच्या नादी लागू नका.

सांगलीकर_मुनीम

हर्षल, तू पोरांना घाबरवतोस. चाळीस वर्षांत आमच्या पेढीवर असे सौदे झाले, दोघांनी आपापला नफा आपापल्या विवरणात दाखवला, कर भरला. एकदाही समूह निघाला नाही.

हर्षल_सीए

निघाला नाही, कारण दोघांनीही भरला, काका. एकाने भरला नाही तर दुसऱ्याची फाईल उघडते. मी होईलच असं म्हणत नाही. सौदा वारंवार केला, दर हंगामाला त्याच दोघांनी, तर मात्र "एकच सौदा" हे म्हणणं टिकत नाही. चौथ्या वर्षी तो नेहमीचा धंदा दिसतो.

सुहास_औरंगपुरा

मग नानांनी भाऊसाहेबांना सरळ 2,074 ने माल विकावा ना! एक बिल, विषय खल्लास.

बापू_येवला

मग नफा सगळा नागपूरचा, आणि चार महिने चाळ राखली ती हौसेने? आणि 2,074 हा भाव चाळ फोडल्यावर कळतो, मे महिन्यात नाही. जोखीम दोघांनी घ्यायची म्हणून तर हे केलं.

विदर्भाचा_वाघ

नाहीतर माल नानांचाच ठेवायचा, भाऊसाहेबांनी आडतीवर विकायचा. तोटा-नफा नानांचा.

बापू_येवला

तो वेगळा व्यवहार. तिथे भाऊसाहेबांचे 3 लाख आधी कशाला येतील?

सांगलीकर_मुनीम

बरं झालं 3 लाखांची आठवण झाली. व्याजाचं कुणी काढलं नाही. नानांचे मे महिन्यात 7,30,000 गेले, त्यातले 3 लाख भाऊसाहेबांचे. म्हणजे नानांचे 4,30,000 आणि त्यांचे 3,00,000 चार महिने अडकले. महिना एक टक्का धरला तर नानांचं व्याज 17,200, त्यांचं 12,000. दोन्ही खर्चात टाका, 29,200. निम्मं ओझं प्रत्येकावर 14,600. नानांच्या पदरी वाढले 2,600. रक्कम लहान आहे, पण माल सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहिला किंवा एकानेच सगळे पैसे घातले तर लहान राहत नाही. पुढच्या खेपेला व्याजाचा दर आधी बोला, आणि व्याज नफा काढायच्या आधी धरायचं, नंतर नाही.

जळगावची_लेवा

हे कांद्याला ठीक. आमचा एक सौदा हळदीचा होता. वाळलेल्या हळदीला 5 टक्के जीएसटी, ताज्या कांद्याला काही नाही. माल माझ्या गोदामातून परराज्यात जाताना बिल माझ्याकडून त्यांना फाडावंच लागलं, ई-वे बिलही. एकदा बिल फाटलं की कागदावर मी विकला, त्यांनी घेतला. मग शेवटी नफ्याचा फरक कसा द्यायचा? आम्ही डेबिट नोट काढली, त्यावर कर लावला. बरोबर होतं की नाही, आजही ठाम सांगता येत नाही.

हर्षल_सीए

लेवाताई, किमतीतला फरक म्हणून असेल तर कर लावला हे सुरक्षित बाजूला. बाकी तो वेगळा धागा काढा, खरंच. इथे नानांचा कांदा सडेल.

शुभांगी_डोंबिवली

मी सगळं वाचलं. मला आता कळलं की माझं आणि मिस्टरांचं पण व्यक्तींचा समूह आहे की काय 😬

नाना_निफाडकर

शुभांगीताई, तुमचं राहू द्या, तुमचं चार महिन्यांत संपत नाही 🙂

आता काय झालं ते सांगतो. वर्षाताईंचा भाडं-आडतीचा हिशेब भाऊसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. हसले. आडत नको, भाडं नको यावर दोघं आलो. निवडीच्या मजुरीवर मात्र अडले आहेत. त्यांचं म्हणणं, नागपूरला गोण्या ओतून त्यांच्या पोरांनी पुन्हा निवड केली, ते त्यांनी लावलं नाही. मग मी का लावावं? यात तथ्य आहे हे मलाही दिसतंय.

पोराने टॅलीत मुनीमकाकांच्या रीतीने खातं उघडलं. एक शंका राहिली. बाजार समितीच्या नोंदीत 500 क्विंटल खरेदी माझ्या नावावर आहे. माझ्या नफा-तोट्यात ती खरेदी दिसतच नाही, सगळी त्या एका खात्यात गेली. उद्या कुणी विचारलं तर?

वहीखाते_वर्षा

खातं एकच ठेवा, पण खाली त्याची फोड ठेवा. खरेदी, प्रत्येक पावतीचा नंबर, तारीख, वजन. समितीच्या उताऱ्याशी वजन जुळलं पाहिजे: नेहमीच्या धंद्याची खरेदी अधिक या सौद्याचे 500. आणि 350 क्विंटल नागपूरला गेल्याच्या गाडीच्या पावत्या, 30 ची गोल्टीची पट्टी, 120 घटीची नोंद दिनांकासह. घटीला पावती नसते, म्हणून चाळ फोडली त्या दिवसाचे वजनकाट्याचे कागद जपा.

हर्षल_सीए

उलाढाल मोजताना ते 7 लाख तुमच्याकडे धरायचे की 10.5 लाख भाऊसाहेबांकडे, यावर माझ्याच ऑफिसात दोन मतं आहेत. मी म्हणतो विक्री ज्याच्या नावाने, उलाढाल त्याची, कारण बँकेत पैसे त्याच्याकडे आले. तुमच्याकडे गोल्टीचे 24,000. माझा भागीदार म्हणतो, निम्मी-निम्मी. तुमच्या सीएंना विचारा, ते तिसरं सांगतील.

कोकणी_ठसका

तुझा भागीदार? नोंदणी केलीय ना रे?

ॲड_देशमुख_काका

ठसका, तो टोला बरोबर बसला. नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, कलम 69. मात्र संपलेल्या भागीदारीचा हिशेब मागायला ते कलम आड येत नाही. अनिकेत, वडिलांना सांग. मुदत निघून गेली असेल तर गोष्ट वेगळी, सौदा संपल्यापासून साधारण तीन वर्षं.

दुबईकर_अनिकेत

सांगतो काका. ते म्हणतील, जाऊ दे. पण कागद शोधायला लावतो.

बापू_येवला

नाना, निवडीचं असं करा. चाळ फोडतानाची निवड सौद्याच्या खर्चात, कारण त्याशिवाय माल गाडीत चढत नाही. दुकानातली निवड ज्याची त्याची, ती विकायच्या सोयीसाठी. पुढच्या हंगामापासून. यंदाचे 20 हजार निम्मे करा, म्हणजे 10 हजारच सौद्यात धरा.

सांगलीकर_मुनीम

बापू, तसं केलं तर नफा 2,54,000, प्रत्येकी 1,27,000. निवडीच्या खात्यातले 10,000 नानांच्या स्वतःच्या खर्चात जातील, सौद्यातली बाकी 4,16,000. देणं 5,43,000. दोघांच्या आकड्यांच्या बरोबर मधे.

नाना_निफाडकर

पाठवतो त्यांना. त्यांनी होकार दिला तर आरटीजीएस झाल्यावर कळवतो. एक विचारायचं राहिलं: 352 चढवले ते दोन क्विंटल घटीत धरायचे की गाडीवाल्याकडे मागायचे?

विदर्भाचा_वाघ

घटीत धरा नाना. गाडीवाला म्हणेल, कांदा सुकला.